बायोसमधला एक स्विच आणि बेचाळीसशेची रॅम

माझ्या टेबलाच्या खणात 16 जीबीची धडधाकट रॅम पडून आहे. धडधाकट असूनही तिला बाद ठरवण्यात आलं आणि तिच्या जागी 4,200 रुपयांची नवी बसवण्यात आली. खण उघडला की अजून डोकं तापतं.

मी दिवसभर घरांचे नकाशे काढते आणि रात्री दीड-दोन तास गेम खेळते. रायझन 5600, बी450 चा बोर्ड आणि 8 जीबीचं एनव्हीडिया कार्ड असा माझा जुनाच संसार. बोर्डाच्या नव्या बायोसमध्ये रीसाइझेबल बारची सोय आली, तशी मी ती सुरू केली. एरवी प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत एका वेळी 256 एमबीच्या खिडकीतूनच डोकावता येतं. हा बार सुरू केला की ती खिडकी अख्ख्या मेमरीएवढी होते. काही गेम त्यामुळे थोडे वेगात चालतात, काहींना फरक पडत नाही. माझ्या एका गेममध्ये पाच-सहा फ्रेम वाढल्या आणि मी खूश झाले.

तिसऱ्या दिवसापासून दोन गेम बंद पडू लागले. एक गाड्यांच्या शर्यतीचा, जुना. दुसरा मोकळ्या जगाचा, नवा. पडदा गोठायचा, आवाज एकाच सुरावर अडकायचा आणि गेम थेट डेस्कटॉपवर आणून टाकायचा. बाकीचे गेम मात्र व्यवस्थित चालत होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी `nvlddmkm` या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावाने नोंद.

मशीन दुकानात नेलं. धाकटा भाऊ स्कूटर चालवायला म्हणून सोबत आला होता. त्याला बार म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण दुकानदार सगळं त्यालाच समजावून सांगत होता. मी म्हटलं, "अहो, बायोसमध्ये एक सेटिंग बदलल्यावर हे सुरू झालंय." तो म्हणाला, "ताई, सेटिंगनी काही होत नसतं," आणि बायोसमध्ये जाऊन `Load Optimized Defaults` दाबून मोकळा झाला. मग तासभर गेम चालवला. पडला नाही. नंतर जुन्या रॅमचा एक्सएमपी चालू केला, दहा मिनिटं पाहिलं, जरा मान हलवली आणि भावाला म्हणाला, "दादा, रॅम फुल स्पीडला टिकत नाही. बदलून टाका."

दहा मिनिटं! जो गेम माझ्याकडे वीस ते चाळीस मिनिटांनी पडायचा, त्याला दहा मिनिटं. आणि गंमत बघा, ती दहा मिनिटंसुद्धा तो पडला नव्हताच. डिफॉल्ट लोड केल्यावर बारही बंद झाला होता आणि एक्सएमपीही, म्हणजे रॅम 3200 वरून 2133 वर उतरली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम सुधारला, तर श्रेय कोणाला द्यायचं? त्याने ते रॅमला दिलं, कारण रॅम त्याच्या कपाटात होती. असं मी तेव्हा म्हणत होते आणि येईल त्याला ऐकवत होते.

घरी येऊन नव्या रॅमवर एक्सएमपी आणि बार दोन्ही चालू केले. पंचविसाव्या मिनिटाला शर्यतीची गाडी वळणावरच गोठली.

मग मी स्वतः बसले. असं कोणाचं होत असेल तर आधी एक करा: बार चालू ठेवूनच गेम किती मिनिटांत पडतो ते तीन-चार वेळा वहीत लिहून काढा. हे माहीत नसेल तर बंद करून गेम नाही पडला याला काही अर्थ नाही. माझा आकडा जास्तीत जास्त चाळीस मिनिटांचा, म्हणून बंद करून दोन-दोन तासांच्या तीन बैठका करायच्या ठरवल्या. तेवढे दिवस ड्रायव्हर आणि गेमचे अपडेट थांबवले.

बंद करताना बायोसमधलं `Re-Size BAR Support` एवढंच `Disabled` करायचं. `Above 4G Decoding`, `CSM`, एक्सएमपी यांना हात लावायचा नाही आणि डिफॉल्टच्या बटणाच्या तर जवळही जायचं नाही. `Auto` म्हणजे बंद असं धरून चालू नका, काही बोर्डांत त्याचा अर्थ चालू असाच असतो. एफ10 दाबून सेव्ह करायचं, पण मेनूवर विश्वास ठेवायचा नाही. विंडोज सुरू झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकायचं:

```
nvidia-smi -q -d MEMORY
```

त्यात `BAR1 Memory Usage` खाली `Total` बघायचं. माझ्या कार्डावर चालू असताना 8192 MiB दिसायचं, बंद केल्यावर 256 MiB. हा आकडा बदलला नाही तर चाचणी सुरूच झालेली नाही. पहिल्या वेळी माझं तसंच झालं होतं, सेव्ह न करताच बाहेर पडले होते.

बार बंद, नवी रॅम, एक्सएमपी चालू: तीन रात्रींत दोन्ही गेम एकदाही पडले नाहीत. मग जुनी रॅम परत बसवली. तीही तीन रात्री बिनतक्रार चालली. म्हणजे रॅम निर्दोष. त्या रात्री मी दुकानदाराला मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण एक प्रश्न छळत होता. दोनच गेम का? एनव्हीडियाचा ड्रायव्हर बारचा वापर सगळ्या गेममध्ये करत नाही, तपासून यादीत घेतलेल्या गेममध्येच करतो. हा शर्यतीचा जुना गेम त्या यादीत असेल असं वाटेना. तेव्हा कुठे आठवलं. बार सुरू केला त्याच रात्री एक व्हिडिओ पाहून मी प्रोफाइल इन्स्पेक्टरमध्ये `rBAR - Feature` हे सगळ्या गेमसाठी, ग्लोबल प्रोफाइलमध्ये, चालू करून ठेवलं होतं. ती नोंद ड्रायव्हरमध्ये राहते, बायोसचं डिफॉल्ट तिला शिवत नाही. बायोसमध्ये बार बंद असला की ती निमूट पडून असते, चालू केला की पुन्हा जागी होते.

ती मूळ स्थितीत आणली आणि बायोसमध्ये बार परत चालू केला. शर्यतीचा गेम त्यानंतर पडलेला नाही. मोकळ्या जगाचा मात्र अकराव्या दिवशी पडला. बार बंद करून पाहिला, तर आठवडाभराने तसाही पडला. त्या गेमचं दुखणं वेगळंच असावं. मी बार चालूच ठेवलाय, पाच-सहा फ्रेमचा मोह सुटत नाही.

आणि दुकानदाराला मी प्रोफाइल इन्स्पेक्टरबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. "एक सेटिंग बदलली" म्हणाले होते, बदलल्या होत्या दोन. दहा मिनिटांत रॅमला दोषी ठरवल्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही, पण माझी साक्षही अर्धीच होती. परवा थर्मल पेस्ट आणायला त्याच्याकडेच गेले. "रॅम बरी चालतेय ना, ताई?" त्याने विचारलं. या वेळी मलाच विचारलं. मी "हो" म्हटलं.