दोन हवांचा सीमावाद

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बेंगळुरूत संध्याकाळी जो पाऊस येतो, त्याचा थाट मोठा असतो. दुपारभर ३४-३५ अंशांवर ठाण मांडून बसलेला पारा अर्ध्या तासात २२-२३ अंशांपर्यंत उतरतो, पावसाआधी धुळीचे लोट उठवीत थंडगार वारा येतो, गुलमोहराच्या आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या रस्त्यावर आडव्या होतात, आणि घटकाभराने सारे कसे निवते. मुलाबाळांकडे परदेशी एखाददुसरा हिवाळा काढून आलेली आमच्या परिचयातील मराठी मंडळी अशा संध्याकाळी मला हटकून विचारतात की, तिकडे दूरदर्शनवर निळ्या दातेरी रेषेने जे ‘कोल्ड फ्रंट’ दाखवितात ते हेच काय? हवामानखात्यात उमेदीचा काळ घालविलेल्या मनुष्याला हा प्रश्न आवडावा असाच आहे. कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे असले, तरी ते का नाही हे सांगताना ते शीत सीमापृष्ठ आणि त्याचे भावंड असलेले उष्ण सीमापृष्ठ या दोहोंची जबानी घेतल्यावाचून गत्यंतर नसते.

हवा जेव्हा एखाद्या विस्तीर्ण व एकजिनसी मुलुखावर, म्हणजे सायबेरियाच्या बर्फाळ मैदानावर किंवा उष्ण कटिबंधातील समुद्रावर, दिवसचे दिवस संथपणे मुक्काम करते, तेव्हा त्या मुलुखाचे तापमान व तेथील बाष्प ती इतक्या समप्रमाणात अंगी मुरवून घेते की, हजार हजार किलोमीटरांच्या पसाऱ्यात एका पातळीवर तिचे गुणधर्म जवळजवळ सारखे राहतात. अशा हवेस वायुराशी म्हणतात. ती खंडावरची आहे की सागरावरची, आणि ध्रुवाकडची आहे की उष्ण कटिबंधातली, एवढा दाखला मिळाला की तिचे कूळ निश्चित होते. अशा दोन राशी समोरासमोर आल्या म्हणजे त्या लगोलग मिसळतात अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण ती बरोबर नाही. थंड हवा जड असते, उष्ण हवा हलकी असते, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे वाऱ्यांना वळण मिळत असल्याने जड हवा तळाशी सपाट पसरून न जाता पाचरीसारखी तिरपी उभी राहते. या तिरप्या पृष्ठालाच सीमापृष्ठ असे नाव आहे. नॉर्वेतील बर्गेन येथे विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी जमविलेल्या तरुण मंडळीपैकी त्यांचे चिरंजीव याकोब यांनी १९१९ साली फिरत्या आवर्तांच्या रचनेवर जो छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला, त्यात ही पृष्ठे प्रथम सुसंगतपणे मांडली गेली. आवर्त म्हणजे केवळ कमी दाबाचे वर्तुळ नसून दोन हवांच्या सरहद्दीवर उठलेली लाट आहे, हे तेव्हापासून आमच्या शास्त्राचे मूलसूत्र झाले.

उष्ण हवा पुढे सरसावते व थंड हवा माघार घेते तेव्हा ते उष्ण सीमापृष्ठ होय. त्याचा उतार इतका अल्प असतो, साधारणतः दीडशेस एक, की तशा चढावर सायकल हाकणाऱ्याला तो जाणवणारही नाही. त्या उताराचा अर्थ नीट कळावा म्हणून घाटमाथ्याची उंची तूर्त विसरून एक निव्वळ काल्पनिक मांडणी करू. सीमापृष्ठाचा पाया मुंबईस टेकलेला आहे आणि सारी यंत्रणा आग्नेयेस सरकत आहे, असे धरले, तर पुण्यावर ते पृष्ठ जमिनीपासून जेमतेम पाऊण किलोमीटर उंच असेल, कोल्हापुरावर दोन, हुबळीवर तीन, बेंगळुरूवर साडेपाच आणि मद्रासवर, म्हणजे आताच्या चेन्नईवर, सातच्या घरात. उष्ण हवा या लांबच लांब उतरणीवरून धिमेपणाने वर चढत असते, आणि चढता चढता निवून तिच्यातील बाष्पाचे ढग होतात. त्यामुळे एकाच वेळी चेन्नईकरांस निळ्या आकाशात पिंजलेले तंतुमेघ दिसतील; बेंगळुरूत तंतुस्तराचा पातळ पडदा येऊन सूर्याला खळे पडेल; हुबळीस मध्यस्तर मेघांमागे सूर्य धुरकट काचेआडून दिसावा तसा निस्तेज होईल; कोल्हापुरास वर्षास्तर मेघांचा करडा, बिनगडगडाटाचा, संततधार पाऊस लागलेला असेल; आणि पुण्यात झिमझिम पाऊस तळच्या थंड हवेत विरून ती ओलीचिंब झाल्याने धुके व अगदी खाली उतरलेले स्तरमेघ यांचा अंमल असेल.

आता हे पृष्ठ तासाला ३० किलोमीटर या बेताच्या गतीने पुढे येते असे धरले, तर बेंगळुरूच्या मनुष्याने आपल्या गच्चीतून न हलता हुबळी, कोल्हापूर आणि पुणे येथील आकाशे ओळीने पाहावीत, असा सव्वा दिवसाचा कार्यक्रम होतो. दाब हळूहळू उतरत असतो, वारा आग्नेयेचा असतो. पाया डोक्यावरून गेला की वारा नैर्ऋत्येकडे वळतो, दाबाची घसरण थांबते, संततधार पाऊस ओसरतो, आणि पारा मुकाट्याने काही अंश चढतो. खळे दिसले की पाऊस जवळ आला, ही खलाशांची व शेतकऱ्यांची समजूत समशीतोष्ण प्रदेशात पुष्कळदा खरी ठरते, ती याच अनुक्रमामुळे.

शीत सीमापृष्ठाचा स्वभाव निराळा आहे. तेथे चढाई करणारी हवा थंड व जड असते. तळाशी जमिनीच्या घर्षणाने तिचा पाय अडखळतो, वरची हवा मात्र पुढे रेटत राहते, आणि त्यामुळे पृष्ठाची आघाडी फुगीर व उभट बनते. तिचा उतार उष्ण पृष्ठाच्या दुप्पट, कित्येकदा त्याहूनही अधिक असतो. पुढच्या उष्ण हवेस सावकाश चढण्याची सवलत न मिळता ती एकदम वर फेकली जाते. ती बाष्पयुक्त व अस्थिर असली, तर स्तरांऐवजी गर्जन्मेघांचे मनोरे उठतात. पाऊस मोठ्या थेंबांचा, विजांसह, प्रसंगी गारांचा. पण त्याचा पट्टा काही दशक किलोमीटर रुंदीचा, म्हणून तास-दोन तासांत तो निघून जातो. वारा नैर्ऋत्येवरून झटक्याने वायव्येस वळतो, दाबलेखकाची रेघ खाली येत असता अकस्मात वर उसळते, दवबिंदू कोसळतो, आणि मागाहून धुवून काढल्यासारखे स्वच्छ आकाश व दूरवरचे डोंगर स्पष्ट दिसावेत अशी निर्मळ हवा येते. मात्र पाठ्यपुस्तकातील ही चित्रे म्हणजे कायद्याची कलमे नव्हेत. उष्ण हवा मुळात स्थिर असेल, तर शीत पृष्ठावरही नुसता करडा रिमझिम पाऊस पडतो, आणि ती अस्थिर असेल, तर उष्ण पृष्ठाच्या स्तरमेघांत गर्जन्मेघ दडी मारून बसतात, जे विमानचालकांना फार जाचक होतात.

तापमानातील उतार कोणत्या थरास जाऊ शकतो, याचा एक जुना दाखला देण्याजोगा आहे. ११ नोव्हेंबर १९११ रोजी अमेरिकेच्या मध्यभागातून जे शीत सीमापृष्ठ गेले, त्याने ओक्लाहोमा सिटी येथे एकाच दिवशी २८ अंश सेल्सियस हे कमाल आणि शून्याखाली ८ अंश हे किमान तापमान नोंदविले. त्या तारखेपुरते हे दोन्ही विक्रम होते. उत्तर ध्रुवाकडून मेक्सिकोच्या आखातापर्यंत तेथे पूर्व-पश्चिम आडवी अशी एकही पर्वतरांग नाही, हे त्याचे कारण.

आपल्याकडे ती आहे. सायबेरियाची जड हवा हिमालय ओलांडून सहसा उतरू शकत नाही. आपल्या वाट्यास येतात ते भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी विक्षोभ, आणि वाटेतील डोंगरांनी त्यांचे तळचे थर इतके विस्कटलेले असतात की, जमिनीवर उष्ण सीमापृष्ठाची रेघ ओढणे हे बहुतेक वेळा नकाशा काढणाऱ्याच्या इच्छाशक्तीचे काम असते. दिल्लीस असताना मी ती रेघ पुष्कळदा खोडरबराने पुसली आहे. तथापि आकाशातील अनुक्रम तेथे ओळखू येतो: तंतुमेघ, मग पडदा, मग मध्यस्तर; आग्नेयेचा वारा, ढगांच्या पांघरुणामुळे रात्रीचे किमान तापमान चढलेले; मग पाऊस; आणि नंतर वायव्येचा वारा सुटून थंडीची लाट. या लाटेचे शेपूट मध्य भारतातून खाली आले की नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. परंतु तोवर त्या हवेने हजारभर किलोमीटर उबदार जमिनीवरून प्रवास केलेला असल्याने तिचे मूळ गुण बरेच पालटलेले असतात, आणि बेंगळुरूपर्यंत पोचते ती केवळ कोरडी, निरभ्र, उत्तरेकडची हवा. १३ जानेवारी १८८४ रोजी या शहराने ७.८ अंश हे आपले नीचांकी तापमान नोंदविले. असा पारा उतरण्यास येथे मुख्यतः निरभ्र रात्री जमिनीने आकाशाकडे सोडलेली उष्णता कारणीभूत असते. सीमापृष्ठाची चढाई नव्हे.

मग एप्रिलच्या त्या संध्याकाळी घडते तरी काय? दोन हवांचा सीमावाद आहे हे खरे, आणि महाराष्ट्र-कर्नाटकाच्या दुसऱ्या सीमावादासारखा तो दरवर्षी उपस्थितही होतो. विदर्भ-मराठवाड्याकडून अंतर्गत कर्नाटकातून दक्षिणेस जाणारी एक द्रोणीय रेषा या दिवसांत नकाशावर दिसते. तिच्या पश्चिमेस दख्खनची तापलेली कोरडी हवा आणि पूर्वेस बंगालच्या उपसागराकडील बाष्पभरली हवा. दवबिंदू एका बाजूस १० अंश, तर दुसऱ्या बाजूस २० अंश, इतका फरक पडू शकतो. पण सीमापृष्ठ उभे राहण्यास घनतेत फरक लागतो. बाष्प कोरड्या हवेहून हलके असते खरे, तरी दवबिंदूतील हा दहा अंशांचा फरक घनतेच्या हिशेबात तापमानाच्या जेमतेम दीड अंशाइतका भरतो. त्यात १३ अक्षांशावर पृथ्वीच्या भ्रमणाचा वळविणारा जोर ४५ अक्षांशावरील जोराच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नाही. तेव्हा पाचरही नाही आणि ती तिरपी धरून ठेवणारा हातही नाही. आहे ती वाऱ्यांची खंडितता, जिच्या आसपास वारे एकत्र येऊन दुपारी गर्जन्मेघ उठतात.

त्या ढगाखाली पाऊस कोरड्या हवेतून पडताना त्याची वाफ होते, हवा निवते, जड होते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. धूळ उडवीत आलेला पहिला वारा तो हाच. ही शीत सीमापृष्ठाची हुबेहूब पण सूक्ष्म नक्कल आहे: वारा फिरतो, दाब एक-दोन मिलिबारांनी उसळतो, पारा उतरतो. भेद ओळखावयाचा तो दवबिंदूवरून. खऱ्या शीत पृष्ठामागे तो कोसळतो व दिवसचे दिवस खालीच राहतो. या झोतामागे, पावसाने हवा ओलावल्यामुळे, तो टिकून राहतो किंवा चढतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पारा बहुधा पुन्हा ३४ अंशांवर आलेला असतो. ढग रेंगाळल्यामुळे तो आला नाही, तर मात्र हवामान-फुग्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात. सीमापृष्ठ येऊन गेले असते, तर तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंत सारी हवा आदल्या दिवसापेक्षा थंड आढळली असती; बेंगळुरूच्या त्या संध्याकाळनंतर थंडावलेला थर पायथ्याच्या किलोमीटरभरातच सापडतो, आणि त्यावरची हवा जशीच्या तशी असते.