रोजकीर्दीतली खूण

संदेशांची साधी रांग आणि घटनांचा प्रवाह सांभाळणारी व्यवस्था यांतला खरा फरक वेगाचा किंवा आकाराचा नाही. काम कुठपर्यंत झाले, याची आठवण कशा रूपात ठेवायची, यावर दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएससारख्या रांगेत एखादा प्रोग्रॅम संदेश उचलतो तेव्हा तो काही काळ, एरवी 30 सेकंद, इतरांच्या नजरेआड ठेवला जातो; काम झाल्याचे सांगून प्रोग्रॅमने तो पुसला तर तो कायमचा जातो, आणि न पुसला तर पुन्हा रांगेत दिसू लागतो. प्रत्येक संदेशाची अवस्था अशी स्वतंत्र सांभाळली जात असल्याने एक संदेश अडला तरी बाकीचे पुढे सरकतात. पावतीचा ईमेल पाठवण्यासारखे, एकदा झाले की मागे काही उरू नये असे काम असेल, तर रांगेपलीकडे जाण्याचे कारण नसते.

काफ्काची रचना याहून निराळी आहे. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी ती घडवली आणि 2011 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे साम्य रांगेपेक्षा दुकानाच्या रोजकीर्दीशी अधिक आहे: नोंद शेवटी लिहिली जाते, मधली खोडली जात नाही, आणि कोणी वाचली म्हणून नाहीशीही होत नाही. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. वाचणाऱ्याची प्रगती म्हणजे पुढे कोणती नोंद वाचायची ते सांगणारा एक आकडा, वहीत ठेवलेली खूण.

ही वही एकच ठेवली तर लिहिणे आणि वाचणे एकाच जागी तुंबते, म्हणून तिचे भाग पाडतात. हे भाग म्हणजे पार्टिशन. ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरींचे सहा पार्टिशन केले आणि ऑर्डर क्रमांक ही किल्ली ठरवली, तर एका ऑर्डरच्या सर्व घटना एकाच पार्टिशनमध्ये पडतात आणि ‘पैसे मिळाले’ ही नोंद ‘माल निघाला’ याच्या आधीच वाचली जाते. क्रमाची हमी मात्र एका पार्टिशनपुरतीच असते, आणि पुढे सहाचे आठ पार्टिशन केले तर किल्लीवरून जागा ठरवण्याचे गणित बदलून त्याच ऑर्डरची पुढची नोंद दुसरीकडे जाऊ शकते.

एकच काम वाटून घेणाऱ्या वाचकांच्या गटाला कन्झ्युमर ग्रुप म्हणतात. गटात एक पार्टिशन एका वेळी एकाच सदस्याकडे असते, त्यामुळे सहा पार्टिशनांवर आठ सदस्य बसवले तर दोघे रिकामे राहतात. हिशेब करणारा गट आणि माल पाठवणारा गट मात्र तीच वही आपापल्या खुणांनी, एकमेकांना न अडवता वाचतात. याची किंमतही आहे: खूण एकच असल्याने सदोष नोंद आली आणि प्रोग्रॅम तिच्यापाशीच अडून बसला, तर त्या पार्टिशनमधल्या मागच्या सर्व नोंदी थांबतात.

वाचल्याने नोंद जात नसेल, तर ती जाण्याचा दुसरा नियम हवा. तो म्हणजे रिटेन्शन, साठवणीची मुदत. काफ्कात ती एरवी सात दिवस असते, अ‍ॅमेझॉनच्या कायनेसिसमध्ये 24 तास. ही मुदत वाचकासाठी थांबत नाही. समजा, काफ्काची मुदत 24 तास ठेवली आहे, सेकंदाला 600 नोंदी येतात आणि गट 500च वाचतो. दर सहा तासांना तो एक तास मागे पडतो. म्हणजे सहाव्या दिवसाच्या अखेरीस तो 24 तास मागे असतो आणि न वाचलेल्या नोंदी सुमारे 5 कोटी 18 लाख झालेल्या असतात. त्यानंतर जुन्या नोंदींचे तुकडे पुसले जाऊ लागतात आणि गटाची खूण ज्या पानावर होती ते पानच उरत नाही. अशा वेळी काय करायचे हे `auto.offset.reset` ही सेटिंग ठरवते. तिचे मूळ मूल्य `latest` तसेच ठेवल्यास वाचक थेट वहीच्या शेवटाला उडी घेतो, आणि मागे राहिलेल्या नोंदींची संख्या, म्हणजे लॅग, दाखवणारा आलेख एकाएकी शून्यावर येतो. पाहणाऱ्याला गटाने सगळे काम उरकल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्या कोट्यवधी नोंदी न वाचताच सुटलेल्या असतात.

म्हणून हिशेबासारख्या कामात हे मूल्य `none` ठेवणे बरे, कारण मग वाचक उडी न घेता चूक दाखवून थांबतो; नव्या गटाची पहिली खूण तेवढी हाताने ठेवावी लागते. लक्षही नोंदींच्या संख्येपेक्षा, न वाचलेली सर्वांत जुनी नोंद किती तासांची झाली यावर ठेवावे आणि ते वय मुदतीच्या निम्म्यावर जाताच इशारा मिळावा. वरच्या उदाहरणात तो तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस मिळाला असता, आणि पार्टिशनपेक्षा सदस्य कमी असल्यास नवे सदस्य जोडायला पुरते तीन दिवस हाती राहिले असते.