चाळीतला कांदा कशाने घटतो?

चि. मीनल,

सातवीसाठी प्रकल्पांची यादी मागितलीस. प्रयोगशाळा नाही, नेट धड चालत नाही, म्हणून यादीऐवजी एकच विषय पाठवते. चांदवडच्या पोरांच्या घरात त्याचं साहित्य पडलेलंच आहे. (सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी यंदा नको गं, त्यात शोधायला काही उरलेलं नाही.)

साठवलेला कांदा तीन तऱ्हांनी जातो: पाणी उडून सुकतो, सडतो, नाहीतर त्याला कोंब फुटतो. घरी सगळ्याला मिळून ‘माल घटला’ म्हणतात. पोरांनी या तिन्ही वेगळ्या करायच्या.

शाळा उघडली की एकाच वावरातला उन्हाळी कांदा आणायला सांग. बारीक, सुकून मिटलेल्या मानेचे दहा किलो आणि जाड मानेचे दहा किलो. आकार सारखा, जागा एकच, दोन्ही क्रेट विटांवर, म्हणजे खालून हवा खेळेल. फरक फक्त मानेचा हवा. जाड मान नीट सुकत नाही आणि बुरशीला तिथूनच वाट मिळते.

दर शनिवारी वजन करायचं. दहा किलोच का? काट्यावर 50 ग्रॅमच्या रेघा असतील, तर एक टक्का घट दहा किलोत दोन रेघा दिसते, एका किलोत दिसतच नाही. आधी मिठाचा सीलबंद पुडा टांगून काटा तपासा. गोणीत ठेवू नका. पावसाळ्यात गोणपाट ओल धरतं आणि वजन फसवतं.

सडका कांदा फेकण्याआधी वेगळा तोलायचा, खरी मेख इथेच आहे. समजा, 10,000 ग्रॅमचे 9,400 उरले आणि आजवर काढलेली सड 350 ग्रॅम भरली. मग 600 पैकी उरलेले 250 ग्रॅम पाणी उडालं. सड तोललीच नाही, तर सगळी घट सुकण्याच्या नावावर जाते. सडक्यातून गळालेलं पाणी मात्र या हिशेबात सुकण्यातच धरलं जातं, तेवढी चूक राहणारच. तेही वहीत लिहू दे. सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती काळी बुरशी. कोंब बहुधा उशिरा, पावसाळा सरत आल्यावर दिसतात. ते नुसते मोजायचे.

मग लासलगावचा विषय काढ. तिथे 2002मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र सुरू झालं. गॅमा किरणांच्या हलक्या मात्रेने कोंब थांबतो, पण सड आणि सुकणं थांबत नाही. तिन्हींपैकी आपल्या गावात जास्त नुकसान कशाने होतं, हे पोरांना स्वतःच्या तक्त्यावरून सांगता यायला हवं.

सप्टेंबरअखेर वही मला पाठव. एखादा शनिवार चुकला असेल, तर ती ओळ कोरीच ठेवायला सांग, अंदाजाने भरायची नाही.

तुझी,
आत्या