मृणाल, सकाळी नऊला आधी फोन कर

प्रिय मृणाल,


फोनवर तू 'झालं मावशी, ११ ऑगस्टची वेळ मिळाली' म्हणालीस आणि इतक्या सुटलेल्या आवाजात म्हणालीस, की मला लगेच काही बोलवेना. त्यात मागून तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी हाका मारत होतं. पण फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर घेऊन बसले, बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि आता रात्री साडेदहाला हे लिहायला घेतलंय. बाकीचं सावकाश वाच. एवढं मात्र आधी कर: सकाळी नऊला सेंटर उघडलं की फोन कर आणि ११ तारीख बदलून घे. ११ ऑगस्टला एनटी स्कॅन होणार नाही.

कसं ते सांगते. तुझी शेवटची पाळी ५ मेची. पहिल्या सोनोग्राफीतही तारीख तीच आली होती, म्हणजे हिशेब पक्का. एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी, ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच मोजतात. तुझ्या बाबतीत २१ जुलै ते १० ऑगस्ट. ११ ऑगस्टला बरोबर १४ आठवडे होतात. डॉक्टर त्या दिवशी तुला तपासतील, ठोके ऐकवतील, सगळं करतील, पण ते एक माप घेणार नाहीत, कारण त्या मापाचे तक्ते तिथे संपतात. शिवाय मशीनवर निर्णय होतो तो तारखेवर नाही, बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवर. ती ४५ ते ८४ मिलिमीटरच्या आत लागते. बाळ दोन दिवसांनी मोठं भरलं तर १० ऑगस्टच्या आधीच दार बंद होतं. आणि बाळ नीट आडवं, बाजूनं दिसेल असं असावं लागतं. नसलं तर 'जरा फिरून या, काहीतरी गोड खाऊन या' म्हणतात, कधी दुसऱ्या दिवशी बोलावतात. म्हणून शेवटची तारीख ही आपली तारीख समजायचीच नाही. ५ ऑगस्टपर्यंत, १३ आठवडे १ दिवसाच्या आत, झालेलं बरं.

आता तू सेंटरला पाठवलेला निरोप. मी तो तीनदा वाचला. 'खूप खूप सॉरी मॅडम, ऑफिसमध्ये अचानक मोठी इमर्जन्सी आली आहे, क्लायंटची सगळी सिस्टीम बंद पडलीय, रात्रभर कॉल आहेत, उद्या अजिबात जमणार नाही, तुम्हाला ऐनवेळी त्रास होतोय याचं खूप वाईट वाटतंय, पुढच्या आठवड्यात किंवा नंतर कधीही, तुमच्या सोयीने द्या.' यात तुझा चांगुलपणा सगळा आहे, पण नाव पूर्ण नाही, उद्याची वेळ किती वाजताची होती ते नाही, कोणती तपासणी ते नाही. काउंटरवरच्या मुलीनं मोबाइल नंबरावरून तुला शोधलं असेल. तिच्या पडद्यावर 'सोनोग्राफी' एवढंच दिसत असणार, कारण तू त्या सेंटरला पहिल्यांदा जाते आहेस आणि आठवडे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये आहे. तू 'नंतर कधीही' म्हटलंस, तिनं कधीचीही दिली. तिला बोल लावता येणार नाही.

मी आयुष्यभर तसल्याच काउंटरच्या पलीकडे बसले, हे तू लहानपणी शाळा सुटल्यावर माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून पाहिलं आहेस. एक फोन खांद्यात, दुसरा वाजतोय, समोर पैसे भरायला माणूस उभा, आणि त्यातच निरोप वाचायचा. त्या वेळी माफीच्या चार ओळी नजरेखालून नुसत्या जातात. डोळा शोधत असतो तो नाव, दिवस, तपासणी आणि कधीपर्यंत चालेल, एवढंच. एनटीची वेळ साध्या पोटाच्या सोनोग्राफीसारखी दहा-पंधरा मिनिटांची नसते, अर्धा तास किंवा त्याहून जास्त राखून ठेवतात, आणि ती करणारे डॉक्टर पुष्कळ सेंटरला आठवड्यातले ठरावीकच दिवस येतात. त्यामुळे अशा जागा दिवसाला मोजक्या. म्हणूनच तू आज संध्याकाळी सातलाच कळवलंस हे फार चांगलं केलंस, ते मी आधीच सांगायला हवं होतं. रात्रीत त्यांना दुसरी कुणी बोलावता येते, जिचे आठवडे संपत आलेत अशी. सकाळी दहाला कळवलं असतंस तर ती जागा वाया गेली असती.

मला या 'तुमच्या सोयीने, कधीही चालेल'चा मनापासून राग आहे, मृणाल. आपल्या घरात हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. बापूंच्या डोळ्यातल्या इंजेक्शनच्या वेळी ताई असंच म्हणाली होती, 'डॉक्टरांना सवड होईल तेव्हा'. पुढचं तुला माहीत आहे. दात साफ करायचे असतील, चष्म्याचा नंबर बघायचा असेल, तर म्हण खुशाल कधीही. पण ज्या तपासणीला मुदत आहे तिथे शेवटची तारीख आपणच सांगायची, कारण ती आपल्यालाच ठाऊक असते. त्यात आगाऊपणा काही नाही. समोरच्याला उलट फोन करून विचारावं लागू नये, एका वाचण्यात काम व्हावं, मी तरी यालाच अदब मानते. सासरी, बँकेत, सोसायटीत, कुठेही मी हेच सांगत आले.

आणि प्रसाद म्हणाला म्हणे, 'ताप आलाय असं कळव, पटकन वेळ बदलून देतील.' हे मात्र त्याला माझ्याकडून सांग, की असं कधीही करायचं नाही. गरोदर बाईला ताप म्हटलं की तो निरोप काउंटरवर राहत नाही, डॉक्टरांकडे जातो. किती ताप, अंगावर पुरळ आहे का, कुणाच्या संपर्कात आलात का, असे फोन येतील. खोटा ताप तुझ्या कागदावर चढेल आणि पुढे कुणीतरी त्याचा अर्थ लावत बसेल. कदाचित दोन दिवस येऊच नका म्हणतील, इतर गरोदर बायका बसलेल्या असतात म्हणून. आपले तर दिवसच कमी आहेत. खरं कारण पुरेसं आहे आणि ते अर्ध्या ओळीचं आहे: ऑफिसमधलं तातडीचं काम. क्लायंट कोण, काय बंद पडलं, रात्रभर कॉल का, यातलं काही तिथे लागत नाही.

आता सकाळी काय करायचं. आधी फोन, कारण निरोप कधी वाचतील याचा भरवसा नाही. फोनवर पहिल्या वाक्यातच 'एनटी स्कॅन' आणि '११ तारखेला १४ आठवडे होतात' हे दोन्ही म्हण. अनुभवी मुलगी असेल तर एवढ्यावरच तिच्या लक्षात येईल. मग लगेच हे पाठव, म्हणजे लेखी राहील:

'नमस्कार. मी मृणाल, (इथे आडनावासह पूर्ण नाव लिही). ३१ जुलै, सकाळी १०.३० ची माझी एनटी स्कॅनची वेळ ऑफिसमधल्या तातडीच्या कामामुळे मी काल रद्द केली. त्याऐवजी ११ ऑगस्ट मिळाली आहे, पण त्या दिवशी १४ आठवडे पूर्ण होतात (शेवटची पाळी ५ मे). तपासणी ५ ऑगस्टपर्यंत होणं गरजेचं आहे. शनिवार २ तारखेला दिवसभरात कधीही, सोमवारी ४ ला सकाळी ११ पर्यंत किंवा मंगळवारी ५ ला दुपारी ४ नंतर मी येऊ शकते. यांपैकी काहीच शक्य नसेल तर कृपया आज दुपारपर्यंत कळवावं, म्हणजे मला दुसरीकडे चौकशी करता येईल. डबल मार्करचं रक्तही त्याच दिवशी द्यायचं आहे. ऐनवेळी बदल करावा लागला याबद्दल दिलगीर आहे.'

माफी एकदाच, शेवटी. आणि तीन वेळा दिल्यात त्या खरोखर जमणाऱ्या असू देत. शनिवारीही तुमचं ते काम निस्तरायचं असणार असेल तर शनिवार काढून टाक. दिलेली वेळ दुसऱ्यांदा बदलली की काउंटरवरचं माणूस तिसऱ्यांदा मनापासून शोधत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

रक्ताचं मुद्दाम घातलं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाला तू उद्याची सकाळ दिली आहेस, त्यालाही कळव. डबल मार्करचा हिशेब करताना लॅबला सोनोग्राफीतली बाळाची लांबी आणि मानेमागचं माप दोन्ही लागतं, म्हणून रक्त त्याच दिवशी स्कॅननंतर दिलेलं सोयीचं. त्यासाठी उपाशी राहायचं नाही, हे लक्षात ठेव. तू उगीच नाश्ता न करता जाशील आणि तिथे चक्कर येऊन बसशील.

दुसऱ्या सेंटरला जायची वेळ आलीच तर नुसतं उठून जाऊ नकोस. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र लागतं. तुझ्या चिठ्ठीवर या सेंटरचं नाव असलं तर तुमच्या डॉक्टरबाईंकडून नवी चिठ्ठी घ्यावी लागेल, आणि त्या दुपारी दोननंतर भेटत नाहीत. म्हणून त्या निरोपात 'दुपारपर्यंत' लिहिलंय. एनटी हुकलं तर पुढे काही उपायच नाही असं नाही. पंधराव्या आठवड्यानंतरची रक्ताची तपासणी आहे, त्याहून महागडीही एक आहे, अठरा-वीस आठवड्यांची मोठी सोनोग्राफी तर आहेच. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. पण आज हातात असलेली गोष्ट एका निरोपापायी कशाला घालवायची?

आणि पोटात दुखलं, काही डाग दिसला, तर यातलं एकही अक्षर वापरायचं नाही. निरोप नाही, वेळ नाही, काम टाकून सरळ दवाखाना. रात्रीचे कॉल बसून घे म्हणावं तरी कसं, झोपून घेता येत असतील तर झोपून घे. पाणी पीत जा. मला तुझ्या त्या खुर्चीचा घोर लागलाय.

तारीख पक्की झाली की त्याच क्षणी तुझ्या वरिष्ठांना सांग, 'या दिवशी या वेळेत मी नाही'. एवढंच सांग, का ते सांगायची तुझी इच्छा नसेल तर सांगू नकोस, पण 'बघते, जमलं तर जाईन' असं म्हणू नकोस. क्लिनिकला जेवढ्या मऊपणे बोलतेस तेवढंच तिथेही बोललीस तर सोमवारी पुन्हा हेच होईल. ताईला मी अजून काही बोललेले नाही, ते तू आणि प्रसादनं ठरवा.

सोमवारची मिळाली तर मी रविवारी रात्रीच्या गाडीनं येते. शनिवारची मिळाली तर उद्या दुपारपर्यंत सांग, म्हणजे शुक्रवारचं तिकीट काढता येईल.

तुझी,
मावशी