गाभडलेल्या गाईचा गोठा

९ डिसेंबर
आप्पांची तिसऱ्या वेताची एचएफ गाय पहाटे गाभडली. कृत्रिम रेतनाची तारीख दवाखान्याच्या नोंदवहीत होती. त्या हिशेबाने तिला आठवा महिना लागला होता. मी पोहोचलो तेव्हा मेलेलं वासरू ओल्या पेंढ्यावर पडलेलं, जार अर्धी बाहेर लोंबत होती आणि सालगडी ती उघड्या हाताने ओढायच्या बेतात होता. त्याला आधी बाजूला केलं.

"घसरली असंल परवा," आप्पा म्हणाले. असेलही. पण शेवटच्या तीन महिन्यांत गाय गाभडली की मी आधी सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, धरून चालतो आणि तो नाही असं ठरेपर्यंत हात झाकलेलेच ठेवतो. जारेवरच्या गाठी पिवळट-करड्या झाल्या होत्या, मधला पडदा चामड्यासारखा जाड लागत होता. नुसत्या बघण्यावरून निदान होत नाही. लेप्टोस्पायरा, काही विषाणू, बुरशी लागलेलं खाद्य यांनीही गर्भ पडतो. संशयाला मात्र एवढं पुरे.

विचारता विचारता कळलं की दिवाळीनंतर पहिलारू कालवडही गाभडली होती. तिची जार उकिरड्यावर टाकली आणि कुत्र्यांनी ओढून नेली. दवाखान्यात कोणी कळवलं नव्हतं.

मग कामाला लागलो. खांद्यापर्यंतचे हातमोजे, त्यांवर रबरी मोजे, मास्क, चष्मा, गमबूट. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घोळली. वासरू आणि पडलेली जार यांवर ते पाणी आधी हळूच ओतलं, म्हणजे उचलताना शिंतोडे उडाले तरी धोका कमी. जंतू तोंडावाटे जातोच, पण हाताच्या चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून आणि श्वासावाटेही जातो. वासराच्या पोटातलं पाणी आणि जारेचा तुकडा औंधच्या रोग अन्वेषण विभागासाठी बर्फाच्या डब्यात ठेवला, गाईचं रक्त घेतलं. अडकलेली जार ओढली नाही. ओढल्याने गर्भाशय फाटतं आणि काढणाऱ्याचे हात नेमके जंतूंच्या आगरात जातात. गाईला औषध दिलं आणि जार आपोआप पडेल तेव्हा काय करायचं ते घरातल्यांना सांगितलं.

खड्डा विहीर आणि बोअरपासून लांब, चार फुटांहून खोल. तळाला चुना, मग वासरू, जार, ओला पेंढा, पुन्हा चुना आणि माती. वर दगड आणि बाभळीच्या फांद्या, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात. गोठ्याची ती जागा आधी शेण-पेंढा काढून खरवडली, मगच औषधाचं पाणी मारलं. शेणावर ओतलेलं ब्लीचिंग शेणातच खर्च होतं, खाली फरशीपर्यंत पोहोचत नाही. आप्पांनी फिनेलची बाटली आणली होती. म्हटलं, दोन्ही एकत्र करू नका, घातक वायू सुटू शकतो.

१० डिसेंबर
रात्री जार पडली. आप्पांच्या आई म्हणाल्या, "पोत्यात बांधून वडाला टांगा, म्हंजे गाय दुधाला तुटत न्हाई." त्यांच्या तरुणपणी सगळे तसंच करत. मी म्हटलं, "आजी, ही चांगल्या वेताची जार नाही. टांगली तर गळेल, कावळे-कुत्री नेतील." आजी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग पुरा." घरातल्या वहिनींनी हातमोजे नव्हते म्हणून दोन्ही हातांत दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाशी बांधल्या, पावड्याने जार घमेल्यात घेतली, पुरली आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. हे चालतं. उघडे हात तेवढे चालत नाहीत.

सालगड्याने विचारलं, एवढी भीती जारेचीच का? गाभण जनावराच्या गर्भाशयात आणि जारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते. ब्रुसेलाला ती फार मानवते, म्हणून तो तिथे बेसुमार वाढतो. गर्भ पडतो तेव्हा जार आणि पाणी यांतून एकाच वेळी कोट्यवधी जंतू बाहेर येतात. पुढे काही आठवडे स्राव चालू राहतो, दुधातूनही जंतू जातात. कडक उन्हात ते लवकर मरतात, पण सावलीतल्या ओल्या मातीत किंवा न पुरलेल्या मेल्या वासरात ते महिनोन्महिने टिकू शकतात. या गोठ्याला ऊन लागत नाही.

सालगड्याची बायको गोठा झाडते आणि तिला पाचवा महिना आहे. तिने या कामापासून आणि गाभडलेल्या गाईच्या जागेपासून पूर्ण लांब राहायचं, असं आप्पांसमोरच ठरवलं.

३० डिसेंबर
गाईच्या पहिल्या रक्तात रोझ बेंगाल चाचणी निगेटिव्ह आली होती. गाभडल्याबरोबर घेतलेल्या रक्तात प्रतिद्रव्यं पुरेशी नसण्याची शक्यता असते, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा घेतलं. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा एक थेंब, तेवढाच गुलाबी अँटिजेन, काडीने मिसळून चार मिनिटं हलवायचं. तिचं रक्तजल दुसऱ्याच मिनिटाला रवाळ झालं. पहिलारू कालवडीचंही तसंच. अकरा जनावरांत तीन पॉझिटिव्ह. तिसरी गाय मार्चमध्ये विणार आहे आणि तिला वरून काहीही झालेलं नाही.

गोठ्याच्या कडेला सहा उस्मानाबादी शेळ्या बांधलेल्या असतात. त्यांतल्या दोन पॉझिटिव्ह. ही चाचणी गाईंतला ब्रुसेला अबॉर्टस आणि शेळ्यांतला मेलिटेन्सिस यांतला फरक दाखवत नाही, त्यासाठी जंतू वाढवून बघावा लागतो. फरक महत्त्वाचा आहे, कारण माणसाला मेलिटेन्सिस जास्त जोराने धरतो आणि एकाच गोठ्यात राहिल्यास तो गाईंनाही लागतो.

४ जानेवारी
एक शेळी चौथ्या महिन्यात गाभडली. या वेळी फोन लगेच आला, आणि मी पोहोचेपर्यंत कोणी काही उचललं नव्हतं. करडू लहान, जार लहान, म्हणून लोक शेळीचं मनावर घेत नाहीत. चुलीजवळ हाताळतात, पोरं बघायला गोळा होतात.

पोरांना शेळीचं धारोष्ण दूध मिळतं असं वहिनी बोलता बोलता म्हणाल्या. ते आजपासून बंद. दूध उकळी येईपर्यंत तापवायचं, मग कोणाचंही असो. त्यांना माल्टाची गोष्ट सांगितली. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने ताप यायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू वेगळा केला. पण तो येतो कुठून, हे थेमिस्टोक्लिस झामितने १९०५ मध्ये दाखवलं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात तो सापडला. सैन्याच्या जेवणातून शेळीचं कच्चं दूध काढलं आणि तापाचे रुग्ण झपाट्याने घटले.

आज आप्पांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "डॉक्टर, तिन्ही गाई बाजारात नेऊ का?" मला याच प्रश्नाची धास्ती होती. बऱ्याच देशांत बाधित गाय कापून रोग संपवतात. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी आहे, तो रस्ता नाही. प्रतिजैविकांनी जनावरातला जंतू खात्रीने निघत नाही, म्हणून उपचारही करत नाही. राहतो बाजार, आणि बाजारातून गाय ज्या दावणीला जाईल तिथे पुढच्या वेताला हेच घडेल. गाभडलेली गाय एखाद-दुसऱ्या वेतानंतर बहुधा पूर्ण दिवसांनी विते. मालक म्हणतो, बरी झाली. ती जंतू सोडतच असते. आप्पांना म्हटलं, विकायची तर घेणाऱ्याला खरं सांगून विका. ते हसले, "मग घेणार कोण?" शेवटी तिन्ही गाई आणि दोन्ही शेळ्या गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या गव्हाणीवर बांधायचं ठरलं. त्यांची धार शेवटी काढायची.

१४ जानेवारी
सालगड्याला आठवडाभर संध्याकाळी ताप चढतो, पहाटे घामाने गोधडी भिजते, कंबर धरली आहे. टायफॉइडच्या गोळ्या चालू आहेत. मी माणसांचा डॉक्टर नाही. एका चिठ्ठीत एवढंच लिहून दिलं की हा माणूस ब्रुसेला-बाधित गाई गाभडल्या त्या गोठ्यात काम करतो, कृपया ब्रुसेलाची तपासणी करावी आणि रक्त लावताना प्रयोगशाळेला तसं कळवावं. हा जंतू प्रयोगशाळेतल्या लोकांनाही सहज लागतो. रुग्ण गोठ्यात काम करतो हे सांगितलंच नाही, तर हा ताप टायफॉइड, मलेरिया, क्षय अशी नावं घेत फिरत राहतो.

२१ जानेवारी
तपासणी पॉझिटिव्ह. तालुक्याच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवड्यांसाठी सुरू केलं. ताप बहुतेक पहिल्या आठवड्यातच उतरेल, आणि गोळ्या सोडायचा मोह तेव्हाच होतो. जंतू पेशींच्या आत लपून बसतो. अर्धवट उपचाराने ताप उलटतो आणि सांधे, कणा, वृषण धरू शकतो. आप्पांनी गोळ्यांचा खर्च उचलला, पगार कापणार नाही असंही म्हणाले. सालगड्याच्या बायकोचीही तपासणी झाली, ती निगेटिव्ह आहे.

१५ फेब्रुवारी
आप्पांच्या वस्तीवर कालवडींना लस टोचली. स्ट्रेन १९ फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गोऱ्ह्यांना नाही, गाभण गाईला तर मुळीच नाही, कारण लस जिवंत जंतूची असते. वयाने मोठ्या जनावराला दिली तर पुढे चाचणीत लसीची प्रतिद्रव्यं की रोगाची, हे ओळखणं अवघड जातं. म्हणून कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर लसीसोबत नोंदवला. सुई स्वतःला टोचली तर माणसालाही रोग होतो, त्यामुळे वासरू पक्कं धरल्याशिवाय सिरिंज उघडली नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस गाई-म्हशींच्या वासरांना मोफत आहे. शेळ्यांना नाही. त्यामुळे आप्पांच्या शेळ्यांसाठी चाचणी, वेगळं बांधणं आणि जार पुरणं एवढंच हातात राहतं. पहिलारू कालवड तिच्या आईपासूनच बाधित असू शकेल. अशी वासरं कधी कधी पहिल्या वेतापर्यंत प्रत्येक चाचणीत निगेटिव्ह दिसतात. आप्पांना हे पटायला वेळ लागला.

४ मार्च
तिसरी पॉझिटिव्ह गाय पूर्ण दिवसांनी व्याली. कालवड जिवंत, चांगली उभी राहिली. सगळे खूश. पण आजची जार डिसेंबरच्या जारेइतकीच धोक्याची. आप्पांनी खड्डा दोन दिवस आधीच खणून ठेवला होता आणि शेजारी चुन्याची गोणी. सालगड्याच्या गोळ्या आज संपल्या, तरी त्याला या कामाला लावलं नाही. आप्पांनी स्वतः हातमोजे चढवले.

जाताना गोठ्याच्या भिंतीवर खडूने उरलेल्या गाभण गाई-शेळ्यांच्या विण्याच्या तारखा लिहिल्या. प्रत्येक तारखेच्या आठवडाभर आधी खड्डा, चुना, ब्लीचिंग आणि हातमोजे तयार हवेत. पहाटे तीनला गाय व्याली की मग कोणी खणायला जात नाही, जार उकिरड्यावरच जाते.