यंत्राला अक्षर लागतं का?

कुणाची चिठ्ठी वाचता आली नाही की आपण म्हणतो, "याचं अक्षर मला लागत नाही." आता पानाचा फोटो दिला की त्यावरचा मजकूर टाइप करून देणारी मॉडेलं आली आहेत. मॉडेल म्हणजे असंख्य नमुने दाखवून शिकवलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. त्याला अक्षर लागतं का? लागतं, पण कसं लागतं ते कळलं, तर कुठे विश्वास ठेवायचा तेही कळेल.

फोटोत अक्षरं नसतातच मुळी! असतात ते नुसते फिकट-गडद ठिपके. जुने प्रोग्रॅम त्या ठिपक्यांतून आधी ओळी शोधत, मग डोक्यावरची शिरोरेघ पुसून एकेक अक्षर सुटं करत आणि ओळखीच्या नमुन्यांशी ताडून बघत. छापील पुस्तकात हे बरं जमे, कारण तिथला प्रत्येक 'क' सारखाच. हाताने लिहिताना मात्र कुणी शिरोरेघ देतच नाही, तर कुणाची अक्षरं एकमेकांत गुंततात. मग सुटं करायचं काय?

नवी मॉडेलं निराळ्या रीतीने वाचतात. ती आकार तर बघतातच, पण इथे कुठला शब्द शोभेल याचा अंदाजही करतात. तुम्हीही असंच करता की! 'र' आणि 'व' जवळजवळ लिहिले तर 'ख' दिसतो (छापील 'ख'चे पाय खाली जोडलेले असतात ते याचसाठी). तरी वाण्याच्या यादीत तुम्ही 'खा' न वाचता 'रवा'च वाचता.

हा अंदाज कुठे तारतो आणि कुठे बुडवतो, ते बघायला मी माझ्या आजीच्या हिशेबाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो मॉडेलला दिला. पानावर पाच ओळी होत्या, खाली एकूण. मॉडेलने वाचलं ते असं: गूळ ११, रवा १४, तेल ४२, चहा २१, साखर ९, एकूण १०५.

'रवा' अगदी बरोबर आला. पण तुम्ही बेरीज करून बघा. ९७ येते! आजीची बेरीज चुकली? छे. फरक आहे ८चा, आणि ९ मधून १ वजा केला की ८च उरतात. म्हणजे कुठेतरी ९ चा १ झाला असणार. भिंग घेऊन पाहिलं, तर गुळापुढे ११ नव्हते, १९ होते. हाताने लिहिलेले १ आणि ९ पुष्कळदा जुळ्या भावांसारखे दिसतात. शब्दात आजूबाजूची अक्षरं मदत करतात. आकड्याला असा शेजारी नसतो. गूळ ११ रुपयांचाही असू शकतो आणि १९ चाही.

दुसरी गंमत शेवटच्या ओळीत होती. तिथे तेलाचा डाग पडलेला, दिसत होतं फक्त 'सा'. मॉडेलने तरीही बेधडक 'साखर' लिहून टाकलं, साधं प्रश्नचिन्हही नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, साखर रेशनची. तिचा हिशेब आजी वेगळ्या पानावर ठेवायची. हा साबण असणार." जुना प्रोग्रॅम इथे काहीतरी अगम्य छापून गेला असता आणि चूक लगेच डोळ्यांत भरली असती. नव्या मॉडेलची चूक मात्र चांगले कपडे घालून येते, म्हणून ओळखू येत नाही.

फोटोही नीट हवा. मोबाइल पानाला समांतर धरा आणि आपलीच सावली पानावर पाडू नका. वहीच्या घडीजवळ ओळी वाकतात, तिथे पान हलकेच दाबून सपाट करा. पुष्कळ मॉडेलं मोठा फोटो आधी लहान करून घेतात. त्यात बारीक अक्षर पुसट होतं. दाट लिहिलेल्या पानाचे दोन-तीन भाग करून वेगवेगळे फोटो द्यावेत. "जे दिसत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक," असंही सांगून ठेवावं. सगळे अंदाज त्याने थांबत नाहीत, पण काही थांबतात.

आता एक प्रयोग तुम्ही घरी करा. आईबाबांचा फोन मागून घ्या. वहीत पाच ओळी लिहा. त्यांत 'पाऊस'ऐवजी मुद्दाम 'पाउस' लिहा, 'झुंबटरी'सारखा अर्थ नसलेला शब्द घाला आणि एक लांबलचक आकडा लिहा. फोटो देऊन "आहे तसंच उतरव" असं सांगा. 'पाऊस' शुद्ध होऊन आला, तर समजा की तिथे मॉडेलने तुमचं अक्षर वाचलं नाही, अंदाज केला. 'झुंबटरी'चं काय होतं ते तर बघाच! मग तोच फोटो पुन्हा द्या. दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं तो शब्द नक्की संशयाचा. सारखंच आलं तरी आकडे आणि माणसांची नावं पानावर बोट ठेवून स्वतः ताडून बघायचीच.