गादी आणि गोदाम

सांगलीतील हळदीच्या एका पेढीवर तिसऱ्या पिढीचा मुलगा शिक्षण संपवून आला, तेव्हा त्याचे वय 25 होते. गोदामाचे मुकादम त्याच्या दुप्पट वयाचे होते. तरुणपणी त्यांनी हरिपूरच्या पेवांतून हळद उपसली होती. मुलाला ते ‘छोटे शेठ’ म्हणत, तो त्यांना ‘मुकादमकाका’ म्हणे. तरीही हुकूम कोणाचा, हे ठरलेले नव्हते.

त्याने मालाची नोंद संगणकावर घेतली. पाच महिन्यांनी 400 पोत्यांचा एक लॉट वजन केला, तेव्हा 50 किलोच्या हिशेबाने असावयास हव्या त्या 200 क्विंटलमध्ये 320 किलो कमी भरले. हमालांच्या देखत त्याने विचारले, “काका, हा माल गेला कुठे?” मुकादम काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी गोदामाच्या किल्ल्या गादीवर आणून ठेवल्या.

वडिलांनी मध्यस्थी केली असती, तर किल्ल्या परत गेल्या असत्या; पण पुढे प्रत्येक गोष्ट वडिलांकडेच गेली असती. ते एवढेच म्हणाले, “प्रश्न तू विचारलास, उत्तरही तूच आण.”

दुसऱ्या दिवशी मुलगा मुकादमांच्या घरी गेला. “मला वजन वाचता आले, हळद वाचता आली नाही. शिकवाल का?” मुकादमांनी त्याला गोदामात नेले. आवकेच्या वेळी ओलसर असलेला माल कोरड्या हवेत सुकतो, म्हणून पोत्यामागे 800 ग्रॅमची घट आली होती. मात्र सगळी तूट सुकण्याचीच असते असे नाही, हेही त्यांनीच सांगितले. घट साऱ्या पोत्यांत थोडीथोडी दिसते. चोरी किंवा सांड मोजक्याच पोत्यांत सापडते.

मग दोघांनी मिळून पद्धत ठरवली. प्रत्येक लॉटमधील दहा पोत्यांवर खूण करायची, आवकेला आणि पुढे दरमहा तीच वजन करायची आणि संगणकात ‘घट’ असा वेगळा रकाना ठेवायचा. ज्या हमालांसमोर संशय घेतला, त्यांच्यासमोरच मुलाने आपली चूक सांगितली.

एका बाबतीत मात्र तो हटला नाही. नोंदीवाचून एकही पोते बाहेर जाणार नाही. जुन्या गिऱ्हाइकांना तोंडी शब्दावर माल देण्याची मुकादमांना सवय होती, त्यामुळे ते नाराज झाले. मुलाने आवाज चढवला नाही. स्वतःच्या घरी नेलेल्या पाच किलो हळदीचीही चिठ्ठी त्याने आधी फाडली. घटीच्या रकान्यामुळे नोंद आपल्यालाच राखते, हे मुकादमांनाही पटले होते.

दिवाळीच्या सुमारास एक जुने व्यापारी तोंडी उधारीवर माल मागू लागले. वडील समोरच बसले होते. मुकादम त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, “छोट्या शेठना विचारतो.”